ताटाच्या खेळात केळं अंड्याच्या घरात का जातं?

मलप्रभाकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी मिळून ३८ मुलं, आम्ही दोघी शिक्षिका आणि स्वयंपाकाच्या दोन अक्का. दुपारचं जेवण सरकारच्या अक्षर दासोह योजनेचं. भात-सांबार रोजचं, कधी मधे उसळ. सकाळी दूध, काही दिवस त्यात रागी माल्ट. जेवताना उकडलेलं अंडं, आणि जो अंडं खात नाही त्याला केळं.

पावसाळ्यात मुलांना मैदानावर सोडता येत नाही, म्हणून जूनपासून व्हरांड्यात एक खेळ सुरू केला. खडूनं सहा पावलं रुंद असं गोल ताट आखलं आणि जिबलीसारखी त्यात चार घरं केली: भात-भाकरीचं, डाळ-अंड्याचं, भाजी-फळाचं आणि दूध-ताकाचं. तेल, तूप, गूळ, साखर यांच्यासाठी काठाला चमच्याएवढा एक छोटा गोल. टोपलीत ३२ कार्डं. त्यावर आमच्याकडचेच पदार्थ आहेत: नाचणीची भाकरी, कुळीथ, मसूर, शेवग्याचा पाला, अंबाडी, रताळं, पेरू, फणस, ताक, शेंगदाणे. एकानं कार्ड उचलायचं, पळत जाऊन घरात ठेवायचं आणि तिथंच का ठेवलं ते सांगायचं. बाकीच्यांना हरकत घ्यायची मुभा.

पहिला आठवडा झकास गेला. मग एक गोष्ट लक्षात आली. केळ्याचं कार्ड निम्म्याहून जास्त मुलं डाळ-अंड्याच्या घरात ठेवतात. मी ते उचलून फळांत ठेवते, दुसऱ्या दिवशी परत तिथंच. शेवटी तिसरीतल्या एका मुलीला विचारलं, तर म्हणाली, "बाई, अंडं नाही तर केळं असतं ना!" तिचं काय चुकलं? ती रोज तेच बघते. एका हातात अंडं, दुसऱ्या हातात केळं, म्हणजे दोन्ही सारखीच.

माझ्याकडे ९ मुलं केळं घेतात. घरच्या रीतीप्रमाणे अंडं खात नाहीत, आणि त्यात मला काही ढवळाढवळ करायची नाही. पण "केळं म्हणजे अंडं नव्हे" असं सगळ्यांसमोर सांगितलं की ती ९ मुलं आपल्या ताटाकडे बघायला लागतात. हे कसं सांगावं?

आणखी दोन अडचणी आहेत. बटाटा कुठल्या घरात ठेवायचा? आणि मुलं खरंच शिकलीत की कार्डाची जागा पाठ केली आहे, हे कसं ओळखायचं?

---

सुगरण_शहापूर

किती छान उपक्रम, बाई! हल्लीच्या मुलांना ताट वाढायचं वळणच राहिलेलं नाही. आमच्या आई सांगायच्या, मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, वाटीत आमटी, आणि भाताची मूद मधे खाली. डाव्या बाजूचं उजवीकडे गेलं तर आजोबा पानावरून उठायचे. केळं पानाच्या खालच्या बाजूला, शिकरणीसाठी. तुमची मुलं ते भलत्याच घरात ठेवतात, त्यांना एकदा केळीच्या पानावर वाढून दाखवा.

---

चिक्कोडीचा_पाहुणा

सुगरणताई, बाई ताट वाढायचं शिकवत नाहीयेत. कुठला पदार्थ अंगाला काय देतो त्याप्रमाणे वाटण्या करायचा खेळ आहे तो. पण आजोबा पानावरून उठायचे हे वाचून आमचे आजोबा डोळ्यांसमोर आले. ते उठायचे नाहीत, फक्त ताट गर्रकन फिरवून घ्यायचे. 🙂

---

ताटवाटी

बाई, मी बेळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, शाळांतही जाणं असतं. तुमच्या तिसरीतल्या मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय.

एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका केळ्यातून जेमतेम १ ग्रॅम. केळं वाईट नाही, त्यातून दम मिळतो, पोट भरतं. पण ते अंड्याचं काम करत नाही. अंडं न खाणाऱ्या मुलाला रिकाम्या हातानं बसवायचं नाही म्हणून केळं दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. मुलाला मात्र वाटतं की दोन्ही एकच.

आता ९ मुलांचं. त्यांच्या ताटात डाळ-अंड्याचं घर रिकामं नसतं, हे आधी लक्षात घ्या. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते. तांदळातून साधारण साडेसात, डाळीतून साडेचार, मिळून १२ ग्रॅम प्रथिनं. जेवणाचा ठरवलेला आकडाही १२ च आहे. म्हणजे अंड्याशिवायही ताटाचा हिशेब बसतो, अंडं हे वरचं बळ.

म्हणून मी असं करेन. कार्डं ठेवून झाली की दोन खरी ताटं बनवायची, एक अंड्याचं, एक केळ्याचं, आणि मुलांना विचारायचं, "डाळ-अंड्याच्या घरात दिवा लागलाय का?" दोन्हीकडे लागलेला असतो. अंड्याच्या ताटात दोन पणत्या, केळ्याच्या ताटात एक. मग विचारायचं, "दुसरी पणती लावायला टोपलीतलं काय चालेल?" मुलं शेंगदाणे, मटकी, कुळीथ, फुटाणे शोधून आणतात. कुणाचं ताट कमी आहे हा विषयच निघत नाही, सगळी मिळून पणती शोधतात.

मूठभर शेंगदाणे, म्हणजे २० ग्रॅम, यातून ५ ग्रॅम प्रथिनं येतात. केळ्याबरोबर ते खाल्ले तर अंड्याच्या जवळपास पोचतो.

---

नाचणीवाला_जांबोटी

शेंगदाणे ठीक, पण आपल्या डोंगरातली नाचणी विसरू नका. नाचणीत दुधाच्या तिप्पट चुना असतो, हे सिद्ध झालेलं आहे. बाईंनी नाचणीचं कार्ड भाकरीच्या घरातून काढून दुधाच्या घरात टाकावं. माझी आज्जी नव्वद वर्षं जगली, गुडघ्याची तक्रार नाही, आयुष्यभर आंबील. दूध तिनं कधी तोंडाला लावलं नाही.

---

ताटवाटी

दादा, आकडा तुमचा बरोबर आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, १०० मिली दुधात सव्वाशेच्या आत. पण मूल १०० ग्रॅम नाचणी एका दमात खात नाही. माल्टच्या पेल्यात दोन चमचे पीठ धरलं तर १० ग्रॅम, त्यातून ३५ मिलिग्रॅम येईल. त्याच पेल्यातल्या १५० मिली दुधातून १८० च्या आसपास. म्हणजे पेल्यात जास्त काम दूधच करतं.

आज्जींचं मात्र खरं. त्या दिवसातून दोन-तीन भाकऱ्या आणि वर आंबील घेत असतील, तेवढ्या पिठातून भरपूर मिळतं. म्हणून नाचणी भाकरीच्याच घरात राहू द्या, कार्डाच्या कोपऱ्यात दुधाचा एक पांढरा ठिपका काढा. मुलांना ठिपके फार आवडतात.

---

नाचणीवाला_जांबोटी

ठिपका चालेल. पण ठसठशीत काढा.

---

निपाणीचे_गुरुजी

मी ३४ वर्षं प्राथमिकला होतो, आता निवृत्त आहे. बाईंचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यावरच लिहितो.

मुलं कार्डाची जागा पाठ करतात. नुसती पदार्थाची नव्हे, व्हरांड्यातली जागाही. "मसूर खांबाजवळ" हे त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, मसुरात काय आहे ते नव्हे. याची परीक्षा सोपी. एके दिवशी ताट पुसा आणि अर्धा फेरा फिरवून परत आखा. ज्यांनी पाठ केलंय ती थेट खांबाकडे पळतात. ज्यांना कळलंय ती आधी थांबतात, घराचं नाव वाचतात, मग जातात. तो क्षणभराचा थांबा तुम्हाला हवाय.

दुसरी परीक्षा. पाच कार्डं दोन आठवडे लपवून ठेवा आणि मग एकदम काढा. पावटा, टाकळा, राजगिऱ्याची भाजी, चवळी, सीताफळ. याआधी जागा दाखवलेली नसल्यामुळे मुलाला विचार करावाच लागतो. पावटा शेंगेतून निघतो, मग तो मसुराचा भाऊ, असं कुणी बोललं की समजायचं, गाडी रुळावर आली. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा चवळीच्या शेंगा भाजीत आणि चवळीचे दाणे डाळीत ठेवून आला. मी त्याला चूक म्हणणार होतो. घरी जाऊन विचार केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

बटाट्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तो भाजीच. बेळगावच्या पश्चिमेच्या गावांत बटाटा पिकतो, घरोघरी त्याची भाजी होते. मुलाला घरी भाजी म्हणून खायला घालायचं आणि शाळेत ही भाजी नव्हे म्हणायचं, यात मूल गोंधळतं.

---

ताटवाटी

गुरुजी, ताट फिरवण्याची युक्ती मी आजपासून चोरली.

बटाट्यावर नमस्कार करून असहमत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बटाटा, रताळं, सुरण यांचा कंदमुळांचा वेगळाच गट आहे. अंगात गेल्यावर बटाटा भाताच्या जवळ जातो. त्याला भाजीच्या घरात ठेवलं, की भात आणि बटाट्याची भाजी एवढ्यावर मूल दोन घरं भरली म्हणून मोकळं होतं, आणि पालेभाजीची जागा हुकते.

---

टिळकवाडीकर

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, खासगी शाळेत जातो, डबा घरचा. बटाटा सोडून कुठली भाजी शिवत नाही. मेथी लपवून पराठा केला तर हिरवा कण नखानं काढतो. बायको म्हणते डॉक्टरला दाखवू. हा खेळ घरी एकट्या मुलाबरोबर खेळता येईल का? की काही टॉनिक द्यावं?

---

अंगणवाडीची_ताई

दादा, टॉनिकचं डॉक्टरांनाच विचारा. खेळाचं सांगते. एकट्या मुलाबरोबर तुम्ही मूल व्हा आणि त्याला मास्तर करा. तुम्ही मुद्दाम मेथी दुधाच्या घरात ठेवा. तो चूक काढेल, आणि चूक काढताना मेथीचं नाव दहादा घेईल. खायला लागेल की नाही ते मी सांगू शकत नाही. आमच्या अंगणवाडीत कार्ड बरोब्बर ठेवून भाजी बाजूला सारणारी पोरं आहेतच. ओळखणं वेगळं नि गिळणं वेगळं.

बाई, आमच्याकडे लहान पोरं आहेत, त्यांना चित्रातलं कळत नाही. चित्रात मसूर आणि तूर एकसारखीच दिसतात. आम्ही काडेपेटीत खरे दाणे घालून वर पारदर्शक कागद चिकटवला. पोरं हलवून आवाज ऐकतात. मसूर बारीक वाजतो, पावटा ठक्क वाजतो. डोळे मिटून ओळखालेत आता! फक्त एवढं बघा, दाणे सुटे देऊ नका. एका पोरानं वाटाणा नाकात घातला होता.

---

पातेलं_आणि_डाव

माझी आई बेळगाव तालुक्यातल्या एका शाळेत अकरा वर्षं स्वयंपाक करते. वरचं सगळं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कागदावरची डाळ मोजलीत, पातेल्यातली कोण बघणार?" तिचं म्हणणं नीट मांडते.

बाईंच्या शाळेत ३८ मुलं म्हणजे तांदूळ ३ किलो ८००, डाळ ७६० ग्रॅम, भाजी १ किलो ९०० ग्रॅम. एका मुलाला मोठी वाटीभर, म्हणजे २०० मिली सांबार वाढायचं तर साडेसात लिटर लागतं. ७६० ग्रॅम डाळ साडेसात लिटरभर पसरली, की ढवळलेलं असेल तरच प्रत्येक वाटीत २० ग्रॅम येते. पातेलं खाली उतरवून प्रार्थना होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात डाळ आणि फोडी तळाला बसतात. वाढताना वरचा डाव घेतला तर पहिल्या रांगेला पिवळं पाणी, शेवटच्या रांगेला घट्ट पिठलं. आणि पहिल्या रांगेत बसतात पहिलीची बारकी पोरं, कारण त्यांना आधी भूक लागते.

आई सुरुवातीला असंच वाढायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा उरलेलं सांबार स्टीलच्या भांड्याऐवजी काचेच्या बरणीत ओतलं, तेव्हा तिला दिसलं. तेव्हापासून ती प्रत्येक वाटीला डाव तळाला लावून वर आणते. हात भरून येतो, पण तसंच करते.

तुमच्या खेळात सांबाराचं कार्ड आहे का? ते कुठल्या घरात जातं?

---

मलप्रभाकाठची_बाई

सगळ्यांचं वाचतेय, उत्तर उद्या नीट देते. पातेलंताई, सांबाराचं कार्ड आहे आणि मी ते डाळीच्या घरात धरत होते. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. उद्या बरणी नेते.

---

चिक्कोडीचा_पाहुणा

मला एक सांगायचंय, राग मानू नका. पोरांच्या हातात काय आहे? ताटात काय पडणार ते पोर ठरवत नाही. भाजी महाग झाली की सांबारात दोन टोमॅटो आणि नाव भाजीचं, हे मी माझ्या पुतण्याच्या शाळेत बघितलंय. खेळ शिकवायचा तर मोठ्या माणसांना शिकवा. शाळेच्या समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या बैठकीत ते खडूचं ताट काढा.

---

निपाणीचे_गुरुजी

पाहुणे, अर्धं पटलं. मूल ताट ठरवत नाही, पण ताटात काय टाकून द्यायचं हे तेच ठरवतं. खरकट्याच्या बादलीत बघा. भात क्वचित असतो. कढीपत्ता, शेवग्याची शेंग, वांग्याची फोड, दुधी, हेच असतं. म्हणजे भाजीच्या घरातलंच निघून जातं. खेळाचा उपयोग झाला का हे बघायचं तर महिनाभर रोज ती बादली तोलावी, एकाच मेनूच्या वाराची एकमेकांशी तुलना करावी. कार्डं बरोबर ठेवली म्हणून नाही, बादली हलकी झाली तर झाला.

बैठकीत ताट काढायची कल्पना मात्र सोन्यासारखी आहे.

---

सुगरण_शहापूर

मी आधी चुकीचं समजले होते, माफ करा. पण सगळं वाचल्यावर वाटतं, माझं ताट अगदीच कुचकामी नाही. बाईंनी गोल ताटाचे चार तुकडे केलेत, भाकरीसारखे. पण मुलाच्या समोर ताट असं नसतं. मधे भात, वाटीत आमटी, बाजूला भाजी, असं असतं. तुम्ही खडूनं तसंच काढा ना. मधे भाताचा ढीग, उजवीकडे डाळीची मोठी वाटी, तिच्याजवळ भाजी, डावीकडे कोशिंबीर आणि फळ, बाहेर दुधाचा पेला. मग जेवायला बसल्यावर त्याला आपला खेळ ताटात दिसेल.

---

ताटवाटी

सुगरणताई, हे मला आजवर सुचलं नव्हतं, आणि मी शाळाशाळांत ते चार तुकड्यांचं चित्रच वाटत फिरते. एकच बदल करा. आपल्या पारंपरिक ताटात डाव्या बाजूचं सगळं चमचाभर असतं. कोशिंबीर चाखण्यापुरती. ती वाटीभर करा. पेरू, काकडी, गाजर, लिंबाची फोड तिथंच. लिंबू किंवा पेरू जेवणाबरोबर आला की डाळीतलं, पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. तुमच्या आजोबांच्या पानात लिंबू डावीकडे असायचं ते काही उगाच नाही.

---

जोंधळा_अथणी

आमच्या भागात भात कमी, ज्वारी जास्त. पोरं घरी भाकरी खातात आणि शाळेत भात. खेळात मधे भाताचा ढीग काढलात, तर आमच्या पोरांना वाटेल भाकरी म्हणजे गरिबाचं. मधे भाकरीच काढा की! आणि करडीची भाजी, शेंगाचटणी, कच्चा कांदा ही कार्डं घाला. खानापूरच्या टोपलीतला फणस आमच्या पोरांनी झाडावर बघितलेला नाही. प्रत्येक गावानं आपली टोपली आपण भरावी. आमच्याकडे शेंगाचटणी रोज असते, ती कुठल्या घरात? तेलाच्या चमच्यात की डाळीत?

---

ताटवाटी

काका, शेंगदाण्याचा पेच अवघड आहे. वजनाचा चौथा हिस्सा प्रथिनं, आणि त्याहून जास्त तेल. पोषणाच्या तक्त्यात तो तेलबियांत आहे. मुलांच्या खेळात मी मूठभर शेंगदाणे डाळीच्या घरात ठेवते, चमचाभर चटणी तेलाच्या गोलात. एकच पदार्थ, जागा प्रमाणानं बदलते. चौथी-पाचवीच्या मुलांना ते कळतं. पहिलीच्यांना सांगू नये.

---

मलप्रभाकाठची_बाई

आज काय काय झालं ते लिहिते.

सकाळी ताट पुसलं आणि सुगरणताईंच्या पद्धतीनं नव्यानं काढलं, तेही फिरवून. ३८ पैकी आज ३५ हजर होती. पहिल्या दहा जणांतले सहा सरळ जुन्या जागेकडे पळाले आणि तिथं काही नाही बघून उभे राहिले. गुरुजी, दीड महिना मी खांबच शिकवत होते. चौथीतला एक मुलगा थांबला, वाकून बघितलं, मसूर वाटीत नेऊन ठेवला आणि म्हणाला, "बाई, हे वाटीतलं हाय, ताटातलं नाही." तो कधी फारसा बोलत नाही.

जेवणाआधी पातेल्यातलं सांबार काचेच्या बरणीत ओतून बाकावर ठेवलं आणि मुलांना सांगितलं, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आधी सगळं पिवळं एकजीव दिसत होतं. हळूहळू वरून पाणी निवळायला लागलं. प्रार्थना संपेपर्यंत बरणीत तीन थर झाले: वर तेलाची पातळ तवंग आणि कढीपत्ता, मधे पिवळसर पाणी, खाली बोटाच्या तीन पेरांएवढी डाळ आणि दुधीच्या फोडी. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "माझ्या वाटीत हे वरचंच येतंय." स्वयंपाकाच्या अक्का शेजारी उभ्या होत्या. मला भीती वाटली, त्यांना लागेल की काय. पण त्यांनीच डाव तळाला लावला आणि म्हणाल्या, "आजपासून खालनं." त्यांच्या हाताला त्रास नको म्हणून आता पाचवीतली मोठी मुलं दर दहा वाट्यांनंतर "ढवळा" म्हणून आठवण करतात.

सांबाराच्या कार्डाचे कात्रीनं दोन तुकडे केले. एक डाळीच्या वाटीत, एक भाजीकडे. तिसरीतल्या त्याच मुलीनं विचारलं, "आणि पाण्याचं कार्ड कुठाय?" मग तेही केलं, निळं, पेल्यात.

आता केळं. दोन ताटं मांडली आणि ताटवाटीताईंच्या पणत्या घेतल्या, दिवाळीच्या उरलेल्या. डाळीच्या वाटीजवळ दोन्ही ताटांत एकेक ठेवली. अंड्यासाठी दुसरी ठेवली. मग केळ्याच्या ताटाची दुसरी पणती शोधायला सगळी टोपलीवर तुटून पडली. मटकी आली, शेंगदाणे आले, एकानं ताक आणलं. ताकावर वाद झाला, शेवटी ते पेल्याजवळच ठेवायचं ठरलं. केळ्याचं कार्ड मी हलवलं नाही. ते एका अंडं खाणाऱ्या मुलानं उचलून पेरूशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "हे इथंच बरं, पण खायचं सगळ्यांनी."

केळं घेणाऱ्या ९ पैकी चौघांच्या घरी शेंगदाणे पिकतात. त्यांच्या आया मूठभर भाजून डब्यातून द्यायला तयार आहेत. बाकीच्या पाचांचं काय, ते अजून माझ्यासमोर आहे. एसडीएमसीच्या बैठकीत मांडते.

---

पातेलं_आणि_डाव

आईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "त्या अक्कांना खाली बसून वाढायला पाट आहे का? उभं राहून तळाचा डाव लागत नाही."

---

मलप्रभाकाठची_बाई

नव्हता. उद्या नेते.

---

टिळकवाडीकर

काल मुलाला मास्तर केलं. मी मेथी दुधाच्या घरात ठेवली. तो एवढा चिडला की मेथी उचलून भाजीत ठेवून त्यावर हात ठेवून बसला. खाल्ली नाही. पण आज जेवताना त्यानं माझ्या ताटाकडे बघून सांगितलं की, "बाबा, तुमचं डावं घर रिकामं आहे." मला काकडी कापावी लागली.

---

नाचणीवाला_जांबोटी

बाई, माझा ठिपका काढलात का?

---

मलप्रभाकाठची_बाई

काढलाय दादा, पांढरा, ठसठशीत. मुलांनी शेवग्याच्या पाल्यालाही एक मागितला. ताटवाटीताई, द्यायचा का?

---

ताटवाटी

द्या, बिनधास्त. पाल्याचा ठिपका नाचणीपेक्षा मोठा काढलात तरी चालेल.

---

निपाणीचे_गुरुजी

आणि बटाटा?

---

मलप्रभाकाठची_बाई

गुरुजी, बटाटा सध्या भाताच्या आणि भाजीच्या मधल्या रेषेवर ठेवलाय. मुलं रोज त्याला पायानं इकडेतिकडे ढकलतात. सोमवारपासून बादली तोलायला सुरुवात करते, मग परत लिहिते.